एकच बॅग, सहा रंग: टाका न हलवता कॅटलॉगचे फोटो कसे करायचे

आपल्या सीमाभागात शाळेच्या बॅगांचे सीझन दोन असतात. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या दुकानांत मेच्या शेवटी गर्दी होते, कारण कर्नाटकातल्या शाळा लवकर उघडतात. चंदगड, गडहिंग्लजचे दुकानदार जूनच्या मध्याकडे डोळे लावून बसतात, कारण महाराष्ट्रातल्या शाळा नंतर सुरू होतात. बॅग शिवणाऱ्या कारखानदाराला दोघांनाही रंगांचा कॅटलॉग आधीच पाठवावा लागतो, आणि त्या वेळी त्याच्याकडे बहुतेकदा एकाच रंगाचा नमुना शिवून तयार असतो. बाकीच्या रंगांचं कापड अजून सुरतेहून किंवा बेंगळुरूहून यायचं असतं.

मग कोणीतरी सुचवतं की चित्रं बनवणाऱ्या एआयला हा एक फोटो द्यायचा आणि उरलेले पाच रंग त्याच्याकडून काढून घ्यायचे. ते शक्य आहे, पण सरळ मागितलं तर हमखास फसतं. वडगावात एका बॅगवाल्यांसाठी असेच फोटो करून नेले होते. मालक पाहताक्षणी खूश झाले. शेजारी मशीनवर बसलेल्या शिलाईच्या कारागिरानं मात्र मरून बॅगेच्या पट्ट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "मामा, हा टाका आमचा न्हवं. आमच्या पट्ट्याला चौकोनात फुली असती. इथं नुसता चौकोन हाय बघा की."

त्याचं बरोबर होतं. खांद्याचा पट्टा पाठीच्या कापडाला जिथे जोडतात, तिथे चौकोन शिवून त्यात फुलीचा टाका मारतात. पुस्तकांचं सगळं वजन त्या जागेवर येतं. चित्रातल्या मरून बॅगेवर ती फुलीच नव्हती. नेव्ही ब्ल्यूमध्ये पुढच्या खिशाच्या चेनचं वळण जास्त गोल झालं होतं, आणि मोहरी रंगाच्या बॅगेला वरच्या हँडलजवळ शिलाईची एक जादा ओळ आली होती. सहा चित्रं म्हणजे सहा वेगळ्या बॅगा, फक्त एकमेकींच्या बहिणी वाटाव्यात अशा. दुकानदार चित्र बघून माल मागवतो, तेव्हा हा फरक परतीच्या मालात दिसतो.

हे का होतं ते समजलं की उपाय आपोआप सुचतो, म्हणून आधी कारण बघू.

आज चित्रं बनवणारी बहुतेक मॉडेलं डिफ्यूजन पद्धतीनं चालतात. सुरुवात नुसत्या ठिपक्यांच्या गोंधळापासून होते. मॉडेल त्यातून पायरीपायरीनं गोंधळ कमी करत जातं आणि शेवटी चित्र उरतं. यात क्रमाला महत्त्व आहे. पहिल्या काही पायऱ्यांत मोठ्या गोष्टी ठरतात: बॅग कुठे आहे, केवढी आहे, साधारण कोणत्या रंगाची आहे. टाके, चेनचे दात, कापडाची वीण या बारीक गोष्टी शेवटच्या पायऱ्यांत येतात.

म्हणजे रंग आणि आकार हे दोन्ही एकाच वेळी, सुरुवातीलाच ठरतात. आपली सगळी अडचण इथे आहे. आपल्याला आकार धरून ठेवायचा आहे आणि रंग सोडायचा आहे, पण मॉडेलच्या कामात ती दोन टोकं एकाच गाठीत बांधलेली आहेत.

आपला फोटो देऊन त्यावरून नवं चित्र काढायला सांगितलं की मॉडेल त्या फोटोत ठरावीक प्रमाणात गोंधळ मिसळतं आणि तिथून पुढे साफ करत जातं. हे प्रमाण डिनॉइझिंग स्ट्रेंथ नावाच्या आकड्यानं ठरतं, शून्य ते एकच्या दरम्यान. समजा एकूण पायऱ्या 30 आहेत आणि स्ट्रेंथ 0.3 ठेवली, तर फक्त शेवटच्या 9 पायऱ्या चालतात. आकार जागच्या जागी राहतो, पण रंगही राहतो, कारण रंग ठरवणाऱ्या पायऱ्या मागेच राहून गेल्या. राखाडी बॅग फार तर मळकट गुलाबी होते. स्ट्रेंथ 0.8 केली तर मरून छान येतो, पण तोवर खिशाचा आकार, चेनचं वळण, फुली सगळं मॉडेलच्या मर्जीवर गेलेलं असतं. मधला 0.5 ठेवला तर दोन्हीकडचं थोडं थोडं बिघडतं. या आकड्याला योग्य जागा नाहीच, म्हणून तो मागेपुढे करत बसण्यात वेळ घालवू नये.

सीड तोच ठेवला तर बॅग तीच राहील, असंही पुष्कळांना वाटतं. सीड म्हणजे सुरुवातीच्या गोंधळाचा क्रमांक. तो तोच ठेवून वर्णनात फक्त 'राखाडी'च्या जागी 'मरून' लिहिलं, तर पहिली पायरी एकाच गोंधळावरून सुरू होते हे खरं. पण शब्द बदलला की त्या पहिल्याच पायरीची दिशा किंचित बदलते, आणि पुढची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी असल्यामुळे फरक वाढत जातो. बॅगेचा एकंदर बाज सारखा राहतो, शिलाई राहत नाही.

दुसरं कारण आणखी खोलात आहे, आणि कारागिराला जे दिसलं त्याचं मूळ तेच आहे. वेग यावा म्हणून ही मॉडेलं थेट फोटोच्या पिक्सेलवर काम करत नाहीत. आधी फोटो दाबून लहान करतात, त्या लहान रूपावर सगळं काम होतं, आणि शेवटी ते पुन्हा फुलवून चित्र बनवतात. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत 512 बाय 512 पिक्सेलचं चित्र 64 बाय 64 घरांत बसवलं जातं. म्हणजे आडवे 8 आणि उभे 8 पिक्सेल मिळून एक घर, आणि प्रत्येक घरात फक्त 4 आकडे. एकूण माहिती 48 पट कमी होते. नव्या मॉडेलांत एका घरात जास्त आकडे ठेवतात, म्हणून त्यांच्यात बारकावे बरे येतात, पण घराची संकल्पना तीच आहे.

आता आपली बॅग यात बसवून बघू. बॅग 45 सेंटीमीटर उंच आहे आणि फोटोत ती 1800 पिक्सेल उंच दिसते. म्हणजे एका मिलिमीटरला 4 पिक्सेल. एक टाका 3 मिलिमीटर लांब, तो झाला 12 पिक्सेल. दोरा अर्धा मिलिमीटर जाड, तो 2 पिक्सेल. एका घराची रुंदी 8 पिक्सेल असताना 2 पिक्सेलचा दोरा म्हणजे घराचा चौथा भाग. तो दोरा नेमका कुठून कुठे गेला, हे त्या घरात पुरतं मावतच नाही. फुलवताना मॉडेल 'इथे शिलाईसारखं काहीतरी होतं' एवढं ओळखून आपल्या अंदाजानं टाके काढतं. लांबून शिलाई दिसते. जवळून बघितलं तर कुठे टाके चुकतात, कुठे दोन टाके एक होतात, फुलीची एक रेघ हरवते.

यातून एक गोष्ट पक्की होते जी लोकांच्या लवकर लक्षात येत नाही: बॅगेला हातही लावू नको असं सांगितलं तरी फोटो एकदा दाबून फुलवला गेला की टाके बदललेले असतात. फक्त रंग बदलण्याची सूचना मानणारी जी नवी मॉडेलं आली आहेत, ती आकार कितीतरी चांगला राखतात. पण तीही अख्खं चित्र नव्यानं काढतात. आणि राखाडीवरून मरून, मरूनवरून हिरवा, हिरव्यावरून काळा अशी साखळी केली तर प्रत्येक वेळी थोडी थोडी झीज होऊन चौथी बॅग ओळखू येत नाही. प्रत्येक रंग मूळ फोटोवरूनच काढायचा, हा नियम कोणत्याही साधनाला लागू आहे.

कंट्रोलनेटचं नाव इथे निघतंच. 2023 साली आलेली ही पद्धत मॉडेलला फोटोच्या कडांचा नकाशा दाखवते आणि त्या रेघांना धरून चित्र काढायला लावते. बॅगेची बाह्यरेषा, खिशाची कड, पट्ट्याची रुंदी यासाठी ती खरोखर चांगली आहे. पण तोही मॉडेलला दिलेला इशाराच असतो, आणि दाबलेल्या घरांची मर्यादा त्यानं हटत नाही. बॅगेचे वीस-तीस फोटो देऊन मॉडेलला तीच बॅग शिकवण्याचीही पद्धत आहे. त्यानं मॉडेल बॅग ओळखायला शिकतं, टाके मोजायला शिकत नाही.

म्हणून काम वाटून द्यायचं. आकार, शिलाई आणि कापडाची वीण ही फोटोतूनच येणार, एकही टाका मॉडेलकडून घ्यायचा नाही. रंग आपण हिशेबानं भरायचा. मॉडेलकडे फक्त भोवतालचं दृश्य आणि उजेडाचा मेळ सोपवायचा. हे कसं करायचं ते आता त्या वडगावच्या बॅगेवरच बघू.

सगळ्यात आधी मूळ फोटो कोणत्या रंगाच्या बॅगेचा घ्यायचा हे ठरतं, आणि निम्मं काम इथेच जिंकलं किंवा हरलं जातं. कारखान्यात बहुतेकदा काळा नमुना तयार असतो, कारण काळं कापड नेहमी शिल्लक असतं. काळ्यावरून रंग काढू नये. काळं कापड त्याच्यावर पडलेल्या उजेडापैकी समजा 4 टक्के परत पाठवतं. मोहरी रंगात लाल भाग 48 टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे फोटोतली प्रत्येक गोष्ट 12 पट वाढवावी लागेल, आणि कापडाबरोबर कॅमेऱ्याची खरखरही 12 पट वाढेल. बॅग वाळू चिकटल्यासारखी दिसते. पांढऱ्याशुभ्र बॅगेचं उलटं होतं, उजेडाच्या जागा जळून सपाट होतात आणि तिथली वीण फोटोत येतच नाही. फिकट राखाडी सर्वांत चांगला. तो कॅटलॉगमधलाच एक रंग असेल तर नमुना वायाही जात नाही.

फोटो काढताना कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट, दिवे जागचे हलवायचे नाहीत, आणि त्याच जागी, त्याच उजेडात सगळ्या रंगांच्या कापडाचे तुकडेही एकेक करून टिपायचे. तुकडा हातभर असायची गरज नाही, शेडकार्डावरची पट्टीसुद्धा चालते. पण फोटो आपण त्याच उजेडात काढलेला हवा, व्यापाऱ्यानं व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला नको. त्याच्या दुकानातल्या ट्यूबलाइटचा रंग त्यात मिसळलेला असतो.

दुसरं काम म्हणजे मास्क. मास्क म्हणजे बॅगेच्या आकाराचं काळं-पांढरं चित्र: जिथे रंग बदलायचा तिथे पांढरं, बाकी काळं. इथे संगणकाआधी कारागिराशी बोलावं लागतं, कारण खऱ्या मरून बॅगेत काय काय मरून असणार हे त्यालाच ठाऊक असतं. आमच्या बॅगेत निघालं ते असं: मुख्य कापड आणि पुढचा खिसा रंग बदलणार. खांद्याचे पट्टे, चेन आणि बाजूची जाळी सगळ्या रंगांत काळीच, कारण ती घाऊक एकाच रंगात येतात. चेनचा रनर आणि बक्कल तसंच राहणार. पायपिंग मात्र कापडाच्या रंगाचं. आणि दोरा? नेव्ही, काळा आणि हिरवा या तिघांना जुळता दोरा, मरूनला आणि मोहरीला मुद्दाम पांढरा. म्हणजे दोऱ्याचा मास्क वेगळा करावा लागला. हे न विचारता सगळ्यांना जुळता दोरा दाखवला असता तर फोटो देखणे झाले असते आणि खोटे ठरले असते.

मास्कची कड एक-दोन पिक्सेल मऊ ठेवायची. अगदी कडक ठेवली तर बॅग कागदातून कापून चिकटवल्यासारखी दिसते, फार मऊ ठेवली तर चेनच्या काळ्या पट्टीवर मरून झाक चढते.

आता रंग. फोटोतल्या एखाद्या ठिपक्याची उजळी म्हणजे तिथे पडलेला उजेड गुणिले कापड किती परत पाठवतं ते प्रमाण. घडीत उजेड कमी पडतो, फुगवट्यावर जास्त. टाक्याच्या खाचेत छोटी सावली असते. आपल्याला उजेडाला हात लावायचा नाही, फक्त प्रमाण बदलायचं आहे. म्हणून प्रत्येक ठिपक्याला राखाडीच्या प्रमाणानं भागायचं आणि नव्या रंगाच्या प्रमाणानं गुणायचं. राखाडी कापड तिन्ही रंगांत 40 टक्के परत पाठवतं आणि मरून तुकड्यात लाल 10, हिरवा 2, निळा 3 टक्के आहे असं धरलं, तर गुणक येतात 0.25, 0.05 आणि 0.075. सावली, घडी, टाक्याची खाच, सगळं आहे त्या जागी राहून मरून होतं. एकही पिक्सेल इकडचा तिकडे जात नाही, त्यामुळे आकार बदलण्याचा प्रश्नच उरत नाही.

एक काळजी घ्यायची. फोटोच्या फाईलमधले आकडे उजेडाच्या थेट प्रमाणात नसतात, डोळ्याच्या सोयीसाठी वाकवलेले असतात. गुणाकाराआधी ते सरळ करून नंतर परत वाकवावे लागतात. ही पायरी सुटली तर भडक जागांचा आणि सावल्यांचा तोल बिघडून बॅग डागाळल्यासारखी दिसते. खाली तेवढंच काम करणारा पायथनचा तुकडा आहे. 2.2 हा आकडा त्या वाकवण्यासाठी, व्यवहारात पुरेसा जवळचा.

```python
import cv2, numpy as np

master = (cv2.imread("master.png") / 255.0) ** 2.2
mask   = cv2.imread("mask_kapad.png", 0)[..., None] / 255.0
swatch = (cv2.imread("swatch_maroon.png") / 255.0) ** 2.2

grey   = np.median(master[mask[..., 0] > 0.99], axis=0)
target = np.median(swatch.reshape(-1, 3), axis=0)

new = master * (target / grey)
out = master * (1 - mask) + new * mask
out = np.clip(out, 0, 1) ** (1 / 2.2)
cv2.imwrite("maroon.png", (out * 255).round().astype("uint8"))
```

मोहरी रंगाला इथे ठेच लागते. त्याचा लाल भाग 48 टक्के, राखाडी 40, म्हणजे गुणक 1.2. मूळ फोटोत जी जागा 83 टक्क्यांपेक्षा उजळ असेल ती गुणल्यावर शंभराच्या वर जाते आणि सपाट होते. म्हणून मूळ फोटो थोडा दबका काढायचा, किंवा नमुना कॅटलॉगमधल्या सर्वांत फिकट रंगाइतका तरी फिकट घ्यायचा.

एवढं केल्यावर मरून आणि हिरवा बरे दिसतात, पण काळी बॅग मेलेली दिसते. कापडाचा पोत नाहीसा होतो, बॅग म्हणजे बॅगेच्या आकाराचं भोक वाटतं. याचं कारण चकाकी. नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कापडावर दोन प्रकारे उजेड परततो. एक भाग कापडाच्या आत शिरून रंग घेऊन बाहेर येतो. दुसरा वरच्या वर परततो, रंग न घेता, दिव्याच्याच रंगाचा. राखाडी बॅगेच्या घडीवर 40 टक्के रंगाचा भाग आणि 8 टक्के चकाकी असेल, तर फोटोत दिसतात 48. काळ्यासाठी आपण सगळ्याला गुणतो, आणि 3 टक्क्यांच्या काळ्यावर त्या घडीत येतात जेमतेम साडेतीन टक्के. खऱ्या काळ्या बॅगेत मात्र 3 आणि 8 मिळून 11 टक्के दिसायला हवेत. काळ्या बॅगेचे टाके डोळ्याला दिसतात तेच मुळी दोऱ्याच्या या चकाकीमुळे. ती आपण गुणाकारात मारून टाकतो.

उपाय फोटो काढतानाच करता येतो. दिव्यावर पोलरायझिंग फिल्म लावायची आणि लेन्सवर फिरणारा पोलरायझर. वरच्या वर परतलेल्या चकाकीचं पोलरायझेशन टिकून राहतं, आत शिरून आलेल्या रंगाचं राहत नाही. लेन्सवरचा फिल्टर आडवा फिरवला की चकाकी जवळजवळ पूर्ण जाते, 90 अंशांनी वळवला की परत येते. कॅमेरा न हलवता आणि एक्सपोजर न बदलता असे दोन फोटो घ्यायचे. दुसऱ्यातून पहिला वजा केला की उरते ती नुसती चकाकी. मग पहिल्या फोटोला गुणकानं गुणायचं आणि चकाकी न गुणता वरून मिळवायची. वरच्या कोडमध्ये `master` म्हणजे हा पहिला फोटो, आणि `new`च्या ओळीत शेवटी `+ sheen` वाढतं. `sheen` म्हणजे सरळ केलेल्या आकड्यांवर केलेली ती वजाबाकी. बाकीच्या जागांत, म्हणजे चेन, बक्कल आणि जमिनीसाठी, चकाकीसह असलेलाच फोटो वापरायचा, म्हणजे `out`च्या पहिल्या ओळीत `master`च्या जागी `(master + sheen)` लिहायचं, नाहीतर बक्कल चिकणमातीचं वाटतं.

पोलरायझर नसेल तर गिम्प या फोटो सुधारायच्या प्रोग्राममध्ये मूळ फोटोच्या उजळ जागा वेगळ्या करून, रंग काढून टाकून, स्क्रीन मोडमध्ये वरून ठेवता येतात. काम भागतं, पण प्रत्येक रंगाला हातानं जुळवावं लागतं आणि डोळ्यावर विसंबावं लागतं. शक्य असेल तर फिल्म आणावीच.

आता मॉडेलची पाळी. पांढऱ्या पार्श्वभूमीचे फोटो इथेच तयार झाले. पण त्या मालकांना पहिल्या पानावर वर्गातल्या बाकावर ठेवलेली बॅग हवी होती, सहाही रंगांत. इथे पट्टे, चेन आणि जाळीसकट अख्ख्या बॅगेचा मास्क उलटा वापरायचा: बॅग काळी म्हणजे बंद, बाकी सगळं पांढरं म्हणजे मोकळं. बाक, भिंत, खिडकीतला उजेड हे मॉडेल रंगवेल. हे दृश्य एकाच रंगाच्या बॅगेसाठी एकदाच काढायचं आणि बाकी रंग त्याच दृश्यावर ठेवायचे. प्रत्येक रंगासाठी नवं दृश्य मागितलं तर बाकही बदलतो आणि बॅगही वेगळी वाटू लागते.

दृश्यावर ठेवलेली बॅग जरा परकी दिसते, कारण स्टुडिओतला उजेड आणि खिडकीतला उजेड जुळत नाही. मरून बॅगेखालच्या लाकडावर मरूनची पुसट झाक पडायला हवी, तीही नसते. यासाठी अख्ख्या चित्रावर 0.2 ते 0.25 स्ट्रेंथनं एक हलका हात फिरवू द्यायचा. मॉडेल उजेड जुळवतं, सावली बसवतं, आणि टाके थोडे खातं. मग त्याच्या चित्रातून फक्त ढोबळ भाग घ्यायचा आणि बारीक भाग आपल्या बॅगेतून परत आणायचा. दोन्ही चित्रं एका टाक्यापेक्षा मोठ्या त्रिज्येनं, म्हणजे आपल्या मापात 12 ते 15 पिक्सेलनं, धूसर करायची. आपल्या चित्रातून त्याचं धूसर रूप वजा केलं की उरतात टाके, वीण, चेनचे दात. ते मॉडेलच्या धूसर रूपावर मिळवले की उजेड त्याचा आणि शिलाई आपली. फोटोशॉपमध्ये त्वचा साफ करणारे हीच युक्ती फ्रीक्वेन्सी सेपरेशन या नावानं वापरतात. हे सगळं बॅगेच्या मास्कच्या आतच करायचं.

मॉडेलनं आकार हलवला असेल तर ते इथे लगेच कळतं: कडेला दुहेरी रेघ दिसते, एक त्याची पुसट आणि एक आपली ठळक. तसं दिसलं की स्ट्रेंथ 0.15 पर्यंत खाली आणायची. दुहेरी रेघ पुसत बसू नये.

शेवटी तपासणी. सहा चित्रं शेजारी शेजारी ठेवून बघणं पुरत नाही, डोळा ती एकसारखीच मानतो. एकावर एक थर ठेवून वरचा थर चालू-बंद करायचा. रंग बदलताना दिसेल, पण काहीही उडी मारता कामा नये. हलणारी गोष्ट डोळ्याला तात्काळ दिसते. आणखी खात्री हवी तर दोन्ही चित्रांच्या कडा काढून मूळ फोटोच्या कडांना लाल आणि नव्या चित्राच्या कडांना हिरवा रंग द्यायचा आणि मिळवायच्या. जिथे कडा जुळतात तिथे पिवळं दिसतं. सुटी लाल रेघ म्हणजे हरवलेला टाका, सुटी हिरवी म्हणजे जादा आलेला. अख्खी बॅग तपासायला वेळ नसेल तर पट्ट्याच्या बुडाची फुली, हँडलच्या टोकाचा दाट टाका, चेनचं वळण आणि कंपनीचं नाव या चार जागा शंभर टक्के आकारात बघायच्या. बिघाड होतो तो बहुतेक इथेच.

रंगाची तपासणी वेगळी. खरा तुकडा हातात घेऊन, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पडद्यावरच्या बॅगेशेजारी धरायचा. ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात वेगळे निघू शकतात, मरून आणि बाटली हिरव्यात हे जास्त जाणवतं. दुकानदाराच्या मोबाइलवर रंग कसा दिसेल यावर आपला ताबा नाही, म्हणून कॅटलॉगवर रंगाच्या नावाबरोबर शेडकार्डाचा नंबर छापणं बरं. मराठी आणि कन्नड दोन्ही पानांवर तोच नंबर राहतो, त्यामुळे संकेश्वरचा आणि गडहिंग्लजचा दुकानदार एकाच कापडाबद्दल बोलतात.

ही पद्धत कुठे थांबते तेही सांगायला हवं. सगळे रंग एकाच प्रकारच्या कापडात असतील तोवरच ती खरी. आमच्या मालकांनी शेवटच्या क्षणी काळी बॅग जाड, खरखरीत, बिनचकाकीच्या कापडात शिवायचं ठरवलं. त्या कापडाची वीण वेगळी, घडी वेगळी पडते, टाका कापडात जास्त खोल बसतो. राखाडी नायलॉनच्या फोटोतून ते कोणत्याही गुणाकारानं निघत नाही, आणि मॉडेलकडून मागितलं तर परत अंदाजाचे टाके. चौकटीच्या किंवा छापील कापडाचंही तसंच: चौकट प्रत्येक तुकड्यावर कशी वळते हे कापणाऱ्याच्या कात्रीवर ठरतं. त्या एका काळ्या बॅगेसाठी नमुना शिवून, तिकाटणं जागचं न हलवता, तिचा फोटो वेगळा काढावा लागला. बाकीचे पाच रंग राखाडीवरूनच गेले.